क्रोनोमीटरचं सर्टिफिकेट आणि मनगटावरचे सेकंद

दादरला राहणाऱ्या माझ्या एका मित्राकडे दोन ऑटोमॅटिक घड्याळं आहेत. एक स्विस, तबकडीवर ‘क्रोनोमीटर’ असं छापलेलं आणि किमतीने चांगलंच भारी. दुसरं जपानी, साधं. महागातलं दिवसाला ८ सेकंद पुढे जातं आणि साध्यातलं सरासरी ७, हे लक्षात आल्यावर त्याने मला विचारलं, “मग हे सर्टिफिकेट खोटं आहे का?” खोटं नाही. सर्टिफिकेट ज्याची हमी देतं ते एक, आणि आपण मनगटावर मोजतो ते दुसरं. या दोन्हींचा हिशेब सेकंदांतच होत असल्यामुळे त्यांची गल्लत होते.

त्याआधी नावांचा एक घोळ मिटवू. क्रोनोग्राफ म्हणजे स्टॉपवॉच असलेलं घड्याळ: बाजूला दोन बटणं आणि तबकडीवर छोट्या चकत्या. त्याचा अचूकतेशी संबंध नाही. १९६९ मध्ये अपोलो ११ मधून चंद्रावर गेलेलं ओमेगा स्पीडमास्टर क्रोनोग्राफ होतं, क्रोनोमीटर नव्हतं. क्रोनोमीटर म्हणजे अचूकतेची परीक्षा पास झालेलं घड्याळ, मग त्यात स्टॉपवॉच असो वा नसो. मुळात हा शब्द जहाजांवरच्या घड्याळांचा. ४ सेकंदांची चूक म्हणजे विषुववृत्तावर एका सागरी मैलाची चूक, म्हणून बंदरात आल्यावर ती घड्याळं ताडून घ्यावी लागत. कुलाब्याची वेधशाळा १८२६ मध्ये उभी राहिली तीही वेळ राखण्याच्या आणि जहाजांच्या याच गरजेतून.

मनगटी घड्याळांसाठी आज ही परीक्षा मुख्यतः स्वित्झर्लंडमधली सीओएससी ही संस्था घेते. संस्था १९७३ सालची, आणि निकष आयएसओ ३१५९ या मानकाचे. तिथे बहुतेक वेळा अख्खं घड्याळ जात नाही, केसमध्ये बसवण्याआधीची नुसती मशीन जाते. तीही नमुन्यादाखल निवडलेली नाही, तर नंबर घातलेली प्रत्येक मशीन. पहिले १० दिवस २३ अंश तापमानात तिला पाच स्थितींत, प्रत्येक स्थितीत दोन-दोन दिवस ठेवतात: तीन उभ्या, एक तबकडी खाली, एक तबकडी वर. पुढे एकेक दिवस ८, २३ आणि ३८ अंशांत, आणि शेवटचे दोन दिवस पुन्हा सुरुवातीच्या स्थितीत. रोज चावी देतात आणि रोज मोजतात.

सगळ्यांना ठाऊक असलेला आकडा म्हणजे दिवसाला ४ सेकंद मागे ते ६ सेकंद पुढे. ही त्या पहिल्या १० दिवसांची सरासरी. पण माझ्या मते खरी परीक्षा दुसऱ्याच आकड्यात आहे. एकाच स्थितीतल्या दोन दिवसांच्या चालीत, म्हणजे घड्याळ दिवसाला जितके सेकंद पुढे-मागे जातं त्यात, किती फरक पडला ते पाहतात. पाचही स्थितींतल्या अशा फरकांची सरासरी २ सेकंदांच्या आत असावी लागते आणि कुठलाही एक फरक ५ च्या वर चालत नाही. म्हणजे घड्याळ किती पुढे जातं यापेक्षा ते रोज तेवढंच पुढे जातं का, हे जास्त कडकपणे तपासलं जातं.

मित्राला मी पाच दिवस रोज रात्री एकाच वेळी मोबाइलच्या सेकंदांशी ताडून लिहून ठेवायला सांगितलं. स्विस घड्याळाचे आकडे आले: +८, +७, +९, +८, +८. जपानी घड्याळाचे: +१९, −४, +१२, −२, +१०. पहिल्याची सरासरी ८, दुसऱ्याची ७. नुसती सरासरी पाहिली तर साधं घड्याळ जिंकलं. पण उद्या स्विस घड्याळ किती पुढे असेल हे तुम्ही आज सांगू शकता. जपानी घड्याळाचं सांगता येत नाही. तिथे पुढचे आणि मागचे सेकंद एकमेकांना खाऊन टाकतात, म्हणून सरासरी छान दिसते.

तरीही ६ च्या जागी ८ का? कारण प्रयोगशाळेत मशीन स्थिर होती. मित्राच्या हातावर ती चर्चगेटच्या लोकलमध्ये दांड्याला लटकते, दिवसभर कीबोर्डवर आडवी असते आणि रात्री टेबलावर तबकडी वर करून पडते. आडव्या स्थितीत बॅलन्स व्हील, म्हणजे वेळेचा ठेका धरणारं झुलतं चाक, मोठे झोके घेतं. उभ्या स्थितीत त्याच्या दांड्यांचं घर्षण वाढतं, झोका लहान होतो आणि चाल बदलते. पाच स्थितींना सारखा वेळ दिला तर जी सरासरी निघते, ती तुमच्या दिवसाची सरासरी नसते. याचा उपयोगही करता येतो. रात्री घड्याळ तबकडी वर करून न ठेवता चावी वर किंवा चावी खाली असं उभं ठेवून पाहा. कुठल्या तरी एका स्थितीत ते बहुधा दोन-चार सेकंद मागे पडतं आणि दिवसभराची वाढ तेवढी भरून निघते.

मग साध्या मेकॅनिकल घड्याळात किती चूक चालते? दिवसात ८६,४०० सेकंद असतात, हे आधी डोक्यात ठेवावं. परवडणाऱ्या घड्याळांत सर्रास सापडणाऱ्या सेइकोच्या एनएच३५ मशीनसाठी कंपनीच −२० ते +४० ही मर्यादा सांगते. प्रत्यक्षात बऱ्याच मशीन त्याहून चांगल्या चालतात. पण नवं घड्याळ दिवसाला २५ सेकंद पुढे जातं म्हणून दुकानदाराशी भांडण्यात अर्थ नाही. आजोबांची चावीची एचएमटी सर्व्हिसिंगनंतर अर्ध्या मिनिटाच्या आत राहत असेल तर मी तिला निरोगी म्हणेन. तिला चावी मात्र रोज सकाळी ठरल्या वेळी द्यावी, कारण चावीने गुंडाळलेली मुख्य स्प्रिंग सैल होत गेली की चाल बिघडते.

काळजी करायची ती चाल अचानक बदलली तर. काल +८ असलेलं घड्याळ आज काही मिनिटं पुढे गेलं, तर बहुतेक वेळा बॅलन्स व्हीलला झुलवणाऱ्या बारीक हेअरस्प्रिंगमध्ये चुंबकत्व शिरलेलं असतं. तिचे वेढे एकमेकांना चिकटतात, स्प्रिंग आखूड झाल्यासारखी वागते आणि घड्याळ धावू लागतं. स्पीकर, मोबाइल कव्हरचं चुंबकी झाकण, पर्सचं बटण, यांपैकी काहीही पुरतं. वर सांगितलेल्या १५ दिवसांच्या परीक्षेत चुंबकाची चाचणी नसते, त्यामुळे सर्टिफिकेट इथे वाचवत नाही. घड्याळ होकायंत्राजवळ न्यावं. सुई हलली तर संशय पक्का धरावा. डीमॅग्नेटायझर असलेला घड्याळवाला ते मिनिटभरात काढून देतो. उलट चाल हळूहळू मंदावत असेल आणि रात्री काढून ठेवलेलं घड्याळ सकाळी बंद सापडत असेल, तर आतलं तेल सुकलेलं असतं. तिथे सर्व्हिसिंगला पर्याय नाही.

मित्राचं काम मात्र सोपं होतं. रोज +८ आणि चढउतार जवळजवळ शून्य, म्हणजे दुरुस्ती नको, फक्त चाल थोडी मागे आणायची. टायमिंग मशीनवर ठेवून, चाल कमी-जास्त करणारा रेग्युलेटर किंचित सरकवून कारागिराने ती +२ वर आणली. जपानी घड्याळाची सरासरीही अशीच शून्यावर आणता आली असती, पण +१९ आणि −४ मधलं अंतर रेग्युलेटर सरकवून कमी होत नाही. एक खबरदारी घ्यायलाच हवी. मागचं झाकण उघडलं की रबरी गॅस्केट हलतं, म्हणून मुंबईच्या पावसाळ्याआधी असं काम करून घेतलं असेल तर पाणी शिरत नसल्याची प्रेशर टेस्ट त्याच भेटीत मागून घ्यावी.