गोषवारा वेगळा, कार्यकारी सारांश वेगळा

पुण्यातल्या एका शिक्षणसंस्थेसाठी मी पहिल्यांदा कार्यकारी सारांश लिहिला, तेव्हा प्रत्यक्षात लिहिला होता गोषवारा. संस्थेच्या काही शाळा शहरात, काही हवेली आणि मुळशी तालुक्यात. अहवाल होता 'असर २०२४', म्हणजे प्रथम संस्थेकडून होणाऱ्या ग्रामीण भागातल्या सर्वेक्षणाचा. दीड पान लिहून दिलं. मुख्याध्यापिकाबाईंनी ते तिथेच वाचलं, कागद खाली ठेवला आणि विचारलं, "बरं, मग जूनपासून मी काय वेगळं करायचं?" माझ्या दीड पानात त्याचं उत्तर कुठेच नव्हतं. एकही वाक्य चुकीचं नव्हतं, पण सगळा कागद त्यांच्या कामाचा नव्हता.

दोन्हींत अहवाल आटोपशीर होतो, दोन्ही सुरुवातीलाच छापले जातात, म्हणून गल्लत होते. गोषवारा वाचणाऱ्याला एवढंच ठरवायचं असतं की हा अहवाल आपण वाचायचा की नाही. त्यामुळे अभ्यास कशाचा, कसा केला, काय आढळलं हे दीडदोनशे शब्दांत सांगितलं की तो पूर्ण होतो. कार्यकारी सारांश वाचणारा माणूस मूळ अहवाल बहुधा उघडणारच नसतो. केंद्राची शिक्षण परिषद, पोषण आहाराच्या नोंदी आणि पालकसभा यांच्यामधल्या वेळात तो हे पान वाचतो आणि त्याच्या जोरावर तासिका, शिक्षक किंवा पैसे यांबद्दल काहीतरी ठरवतो.

त्याच अहवालाचा मी लिहिलेला गोषवारा साधारण असा होता:

"ग्रामीण भारतातील ६०५ जिल्ह्यांत घरोघरी जाऊन हे सर्वेक्षण करण्यात आले. ५ ते १६ वयोगटातील मुलांचे वाचन आणि गणित एकेकाशी बसून तपासण्यात आले. दुसरीच्या पातळीचा मजकूर वाचू शकणाऱ्या तिसरीच्या मुलांचे प्रमाण २०२२ मधील २०.५ टक्क्यांवरून २०२४ मध्ये २७.१ टक्क्यांपर्यंत वाढल्याचे दिसते."

गोषवारा म्हणून हे चालेल. पण शाळा चालवणाऱ्या माणसाच्या मनात यातला एकच शब्द राहतो, 'वाढल्याचे'. अहवालात २०१८ चा आकडाही आहे, २७.३. तो शेजारी ठेवला की चित्र पालटतं. शाळा बंद असण्याच्या काळानंतर जे खाली गेलं होतं, ते वर येऊन २०१८ च्या जागी पोचलं, त्याच्या पुढे गेलेलं नाही. आणि अजूनही तिसरीतल्या दर शंभर मुलांपैकी ७३ मुलांना दुसरीचा उतारा वाचता येत नाही. गोषवाऱ्यात २०१८ चा हा आकडा राहून गेला तर फारसं बिघडत नाही, कारण वाचणारा पुढे अहवालात शिरणार असतो. कार्यकारी सारांशात तो राहिला तर मुख्याध्यापक "सुधारतंय की" म्हणून पुढच्या कामाला लागतात.

याच ठिकाणी आणखी एक चूक सर्रास होते. २०.५ वरून २७.१ ही ६.६ टक्के वाढ म्हणून लिहिली जाते. ती ६.६ टक्के-अंकांची वाढ आहे, म्हणजे दोन टक्केवारींमधला नुसता फरक. आधीच्या २०.५ च्या तुलनेत टक्क्यांत मोजली तर ती जवळजवळ ३२ टक्के होते. सभेत कुणी एक म्हणतं, कुणी दुसरं, आणि चर्चा मुलं सोडून आकड्यांवर जाते. मी आता सरळ लिहिते: "आधी शंभरात साधारण २० मुलं वाचत होती, आता २७ वाचतात."

नव्याने लिहिताना मी अहवाल बाजूला ठेवला आणि आधी त्या बाईंच्या हातात काय आहे ते लिहून काढलं. पाठ्यपुस्तक त्या बदलू शकत नाहीत, शिक्षकभरती त्यांच्या हातात नाही. तिसरी ते पाचवीचं वेळापत्रक मात्र त्या बदलू शकतात, आणि पहिले पंधरा दिवस कशासाठी द्यायचे हेही ठरवू शकतात. मग अहवालातून या दोन गोष्टींना लागेल तेवढंच उचललं. नवी सुरुवात अशी झाली:

"शाळा उघडल्यावर पहिल्या पंधरवड्यात तिसरी ते पाचवीच्या प्रत्येक मुलाचं वाचन एकेकट्याने ऐकावं आणि त्यानुसार रोज एक तास गट पाडावेत, असा निर्णय आज अपेक्षित आहे. कारण: ग्रामीण भारतात तिसरीतल्या शंभरापैकी ७३ मुलांना दुसरीचा उतारा वाचता येत नाही, आणि पाचवीतही निम्म्याहून थोडी जास्त मुलं तिथेच अडलेली आहेत. खर्च: चाळीस मुलांच्या वर्गाला, प्रत्येकी पाच मिनिटं धरून, साधारण पाच तासिका."

निर्णय आधी, कारण नंतर, किंमत लगेच. पद्धतीबद्दल गोषवाऱ्यात दोन वाक्यं होती, इथे ती मागे गेली. पण त्यातला एक तपशील मी पुढे आणला, कारण तो करता येण्यासारखा आहे: तपासनीस मुलापुढे अक्षरं, शब्द, पहिलीचा सोपा परिच्छेद आणि दुसरीची गोष्ट ठेवतो आणि मूल कुठपर्यंत पोचतं तेवढंच नोंदवतो. कोणत्याही वर्गशिक्षिकेला हे जमतं.

महाराष्ट्राचे आकडे अहवालात वेगळे दिलेले आहेत. खरा सारांश लिहिताना तेच आधी घ्यावेत. इथे समजायला सोपं पडावं म्हणून देशाचे घेतले आहेत.

आता मर्यादा. गोषवाऱ्यात 'ग्रामीण' हा एक शब्द पुरतो. कार्यकारी सारांशात त्या शब्दाचा अर्थ वाचणाऱ्याच्या शाळेपर्यंत नेऊन सांगावा लागतो. आमच्या संस्थेच्या कोथरूडच्या शाळेला हे आकडे लागू नाहीत, कारण शहरातली घरं या सर्वेक्षणात नसतात. मुळशीची शाळा ग्रामीण आहे, तरी "तुमच्या शाळेतली ७३ टक्के मुलं वाचत नाहीत" असं तिलाही म्हणता येत नाही. नमुना असतो जिल्ह्यामागे ३० गावं आणि गावामागे २० घरं. त्यातून एका शाळेचं काही कळत नाही, आणि मुलं भेटतात ती घरी, शाळेत नव्हे. म्हणून सारांशात मी स्वतंत्र वाक्य घातलं: "हे आकडे आपल्या शाळांचे नाहीत. आपले आकडे पंधरवड्याच्या तपासणीतूनच मिळतील." हे वाक्य नसतं तर एखाद्या संचालकाने मुळशीच्या शिक्षकांना जाब विचारला असता, आणि कोथरूडच्या शाळेने आपला संबंध नाही म्हणून पान मिटलं असतं.

शिफारशींबाबत मी फार काटेकोर आहे. रोज एक तास पातळीनुसार गट पाडण्याची सूचना आमची होती. आमच्या शाळांनी काय करावं हे अहवाल सांगत नाही. दोन्ही एकाच परिच्छेदात मिसळलं की आमचं मत अहवालाच्या वजनाने खपतं. म्हणून पानावर दोन भाग केले, 'अहवालात आढळलं' आणि 'आम्ही सुचवतो', आणि पहिल्या भागातल्या प्रत्येक आकड्यापुढे मूळ अहवालाचा पृष्ठक्रमांक दिला.

पान पक्कं करण्याआधी ते मी अहवाल न वाचलेल्या एका पर्यवेक्षिकेला दिलं. वाचून झाल्यावर कागद परत घेतला आणि विचारलं, काय ठरवायचं आहे, कशामुळे, आणि किती वेळ जाणार? पहिल्या दोन्हींची उत्तरं तिने लगेच दिली. तिसऱ्याला ती म्हणाली, "पाच तासिका, पण तेवढा वेळ बाकीची पस्तीस-चाळीस मुलं काय करणार?" त्या रात्री मी पानात एक ओळ वाढवली: तपासणीच्या वेळी वर्ग शेजारच्या शिक्षिकेकडे जोडून द्यावा.