प्रिंट-इन-प्लेस बिजागरी: फटीचं गणित कुठून आलं

दोन भाग एकमेकांत अडकलेलेच छापायचे आणि यंत्रातून काढल्याबरोबर ते हलले पाहिजेत, ही कल्पना घरगुती थ्रीडी प्रिंटरपेक्षा जुनी आहे. 2001 च्या सुमारास अमेरिकेतल्या रटगर्स विद्यापीठात कॉन्स्टँटिनोस माव्ह्रॉइडिस आणि सहकारी स्टिरिओलिथोग्राफी आणि लेझर सिंटरिंगच्या यंत्रांवर असे बिनजोडणीचे सांधे छापत होते. सिंटरिंगमध्ये, म्हणजे पावडरचे थर लेझरने वितळवून जोडण्यात, एक मोठी सोय असते: न वितळलेली पावडरच वरच्या भागाला आधार देते. त्यामुळे पिन कुठल्याही दिशेला आडवीतिडवी चालते, फक्त नंतर पावडर झटकून निघेल एवढी फट लागते. ‘नर्व्हस सिस्टिम’ या स्टुडिओने 2014 मध्ये छापलेला ‘कायनेमॅटिक्स’ ड्रेस याच सोयीवर उभा आहे. 3,316 बिजागऱ्या, आणि तोही घडी घालून एकाच वेळी छापलेला.

प्लॅस्टिकची तार, म्हणजे फिलामेंट, वितळवून छापणाऱ्या प्रिंटरला ही चैन नाही. याच पद्धतीवरच्या स्कॉट क्रम्प यांच्या पेटंटची मुदत 2009 मध्ये संपली आणि रेपरॅप या खुल्या प्रकल्पाच्या घराण्यातले स्वस्त प्रिंटर पसरले. त्यांना नोझल एकच, विरघळणारा आधार नाही, आणि फटीत असते ती नुसती हवा. आता फट किती ठेवायची हा प्रश्न खरा झाला.

अनेकांचा समज असा की 0.4 मिमीच्या नोझलला 0.4 पेक्षा लहान फट जमणारच नाही. पण फट म्हणजे जिथे काहीच छापायचं नाही ती जागा. नोझल तिच्या दोन्ही काठांवरून फिरतं, तिच्या आत शिरत नाही. याचा सज्जड पुरावा म्हणजे एमेट लालिश यांचं 2013 चं ‘गिअर बेअरिंग’. बाहेर कडं, आत ग्रहांसारखे फिरणारे गिअर, सगळं एकदमच छापायचं. आणि त्याच्या ओपनस्कॅड फाइलमध्ये मोकळीक लिहिली होती `tol=0.15`. नीट जुळवलेल्या 0.4 च्या नोझलवर ते फिरतं, कारण सगळे आस उभे आहेत. प्रत्येक फट बाजूची आहे, खाली-वरची एकही नाही.

तीच मोकळीक आडव्या पिनेच्या बिजागरीला द्या, ती ठार चिकटेल. आडव्या पिनेचा तळ हवेत सुरू होतो. पहिल्या रेघा खाली लोंबतात आणि भोकाच्या तळाला टेकतात. शिवाय उभ्या दिशेत फट थरांच्या पटीतच मिळते. थर 0.2 चा आणि फट 0.3 ची ठेवली, तर पिन नेमकी कुठल्या उंचीवर आहे त्यानुसार कधी एक थर रिकामा राहतो, कधी दोन. एक राहिला तर लोंबलेली रेघ चिकटलीच म्हणून समजा.

म्हणून दंडगोल पिनेऐवजी 45 अंशांचा शंकू रूढ झाला, आणि मला तरी फिलामेंटच्या बिजागरीतली ही सर्वात हुशार युक्ती वाटते. शंकू शेजारच्या भिंतीतूनच वाढत बाहेर येतो, त्यामुळे प्रत्येक थराला खालच्या थराचा टेकू मिळतो. समजा शंकू आणि त्याची खोबण यांत आसाच्या दिशेने 0.4 मिमी अंतर ठेवलं. कोन 45 चा असल्याने शंकूच्या खाली उभी फटही 0.4 च येते: 0.2 च्या थरात बरोबर दोन रिकामे थर. मात्र उतरत्या पृष्ठभागाला काटकोनात मोजली तर तीच फट 0.28 भरते, म्हणून बिजागरी कागदावरच्यापेक्षा घट्ट लागते. आता वेळ वाचवायला हेच मॉडेल 0.28 च्या थरात छापलं, तर 0.4 मध्ये थर एक बसेल किंवा दोन. वरची बाजू सैल आणि खालची जाम असा प्रकार होऊ शकतो.

नोझलचा हिशेब येतो तो रेघेच्या रुंदीतून. 0.4 च्या नोझलची रेघ साधारण 0.45 रुंद दाबली जाते. फ्लो थोडा जास्त असला की ती फुगते, आणि फटीला काठ दोन असल्यामुळे फुगवटाही दोन्हीकडून आत येतो. 0.6 च्या नोझलची रेघ जाड, थरही बहुधा जाड, म्हणून फट वाढवावी लागते. सर्वसाधारण प्रिंटरवर 0.4 च्या नोझलला 0.3 ते 0.4 फट सुरक्षित धरतात.

बिजागरी अडली तर ती कुठे अडली ते बघावं. एका जागी कट्कन सुटून मग मोकळी फिरली, तर तिथे सीमचा, म्हणजे थर सुरू होतो त्या जागेचा, गोळा होता. बेडला लागलेली कडच एकमेकींना चिकटली असेल, तर पहिला थर दबून पसरलाय. खालच्या कडेला छोटा तिरका काप दिला की काम होतं. आणि मॉडेलचे थर पाडणाऱ्या स्लायसरच्या प्रीव्ह्यूमध्ये फट दिसतच नसेल, तर प्रिंटरला दोष देण्यात अर्थ नाही. प्रुसास्लायसरमध्ये `Slice gap closing radius` नावाची सेटिंग आहे, मूळ किंमत 0.049. जवळपास 0.1 मिमीपेक्षा अरुंद फट ती छापण्याआधीच बुजवून टाकते.