आधी लाल शाई, मग मोठा टाइप, सगळ्यात शेवटी बोल्ड

आज स्लाइड बनवताना आपण टायटल सिलेक्ट करतो, साइज वाढवतो, B दाबतो, वाटलंच तर लाल करतो. तीन क्लिक, दहा सेकंद. पण ही तीन हत्यारं माणसाच्या हातात एकदम आलेली नाहीत, त्यांच्यात काहीशे वर्षांचं अंतर आहे, आणि प्रत्येक नवीन हत्यार आल्यावर लोकांनी आधी ते भरमसाट वापरून पान खराब केलं मग कुठे त्याची जागा कळली. ते बघितलं की आपल्या स्लाइडमध्ये नजर भलतीकडे का जाते ते आपोआप लक्षात येतं.

सुरुवात रंगापासून. युरोपात हाताने पोथ्या लिहायचे तेव्हा मजकूर काळा आणि प्रकरण कुठे सुरू होतंय ते सांगणारी ओळ लाल, आणि हे लाल काम करणारा बऱ्याचदा वेगळाच माणूस असायचा. गुटेनबर्गने साधारण 1455 च्या सुमाराला बायबल छापलं तेव्हा सुरुवातीच्या थोड्या पानांवर त्याने लाल ओळी मशीनवरच छापून बघितल्या. पण दुसऱ्या रंगासाठी तोच कागद परत छापायचा, तोही अचूक जागेवर बसवून, हे फार किचकट काम. मग त्याने सरळ जागा रिकाम्या सोडल्या आणि लाल अक्षरं हाताने भरून घेतली. दोनच वर्षांनी, 1457 मध्ये, फुस्ट आणि शोफर या जोडीने माइन्झमध्ये प्रार्थनांचं पुस्तक लाल-निळ्या मोठ्या आद्याक्षरांसकट छापून दाखवलं, म्हणजे करता येत होतं, पण परवडत नव्हतं. त्यामुळे छापील पुस्तकात रंग हळूहळू मागे पडला आणि त्याचं काम साइजवर आलं.

आता साइजची गंमत बघा. लंडनला थॉमस बर्थलेटने 1534 मध्ये छापलेल्या थॉमस एलियटच्या एका पुस्तकाच्या शीर्षकपानावर सगळ्यात मोठा शब्द कोणता, तर सुरुवातीचा 'द'! ज्याला काहीच अर्थ नाही तो शब्द सगळ्यात ठळक. त्या काळात अशी पानं सर्रास सापडतात, एकाच शब्दाचे दोन तुकडे, वरचा तुकडा मोठ्या टाइपात आणि उरलेला खालच्या ओळीत बारीक. पान दिसायला सुबक असायचं, ओळी वरून खाली छान निमुळत्या होत जायच्या, पण मोठं म्हणजे महत्त्वाचं हा नियम अजून पक्का झालेला नव्हता. वाचणारा बहुधा मोठ्याने, शब्दामागून शब्द वाचणार हे गृहीत असेल तर कोणता शब्द मोठा याने फारसा फरक पडत नाही. पानाकडे नुसतं बघून विषय कळायला हवा ही अपेक्षा नंतर आली.

आणि बोल्ड? ते तर एकोणिसाव्या शतकातलं. त्याआधी एखादा शब्द उठून दिसायला हवा असेल तर इटॅलिक, छोटी कॅपिटल्स किंवा जुन्या गॉथिक वळणाची अक्षरं वापरायचे. 1800 नंतर लंडनमध्ये जाहिरातींसाठी जाडजूड टाइप निघायला लागले, 1827 मध्ये अमेरिकेत डॅरियस वेल्सने लाकडी टाइप मशीनवर कापायची पद्धत काढली आणि पोस्टरवर हातभर उंचीची अक्षरं स्वस्तात मिळायला लागली. मग काय, प्रत्येक ओळ जाड, प्रत्येक ओळ वेगळ्या वळणाची, सगळे एकदम ओरडतायत आणि ऐकू कोणाचंच येत नाही.

खरा बदल केला 1845 च्या क्लॅरेंडनने. लंडनच्या फॅन स्ट्रीट फाउंड्रीत रॉबर्ट बेस्लीने तो काढला, अक्षरं कोरली बेंजामिन फॉक्सने. हा टाइप जाड होता पण साध्या मजकुराच्या शेजारी, त्याच ओळीत, त्याच साइजला बसेल असा बनवलेला. डिक्शनरीत बघा, शब्द जाड आणि अर्थ साधा, साइज एकच, तरी डोळा शब्दावरून शब्दावर उड्या मारत जातो. माझ्या मते ही या सगळ्या इतिहासातली सगळ्यात हुशार गोष्ट आहे, कारण साइज न वाढवता, म्हणजे जागा न खाता, पायरी तयार झाली. डिझाइन रजिस्टर केलेलं होतं पण संरक्षण फक्त 3 वर्षांचं, ते संपलं आणि सगळ्यांनी नक्कल केली. पुढे 1957 मध्ये आद्रियाँ फ्रुटिगरने युनिव्हर्स काढला तेव्हा एकाच घराण्यातले 21 प्रकार आखून, नंबर देऊन आणले. आज वेबपेजच्या कोडमधल्या `font-weight` मध्ये 400 म्हणजे नॉर्मल आणि 700 म्हणजे बोल्ड लिहितो ते याच विचाराच्या वळणाचं.

आता रंगाकडे परत, कारण तो आता फुकट झालाय आणि सगळ्यात जास्त घोळ तिथेच होतो. फ्रान्सच्या जाक बर्तँने 1967 मध्ये नकाशे आणि आलेखांसाठी एक मांडणी केली, त्यातला मुद्दा असा की साइजला आणि गडद-फिक्याला आपोआप क्रम असतो, पण रंगछटेला नसतो. मोठं-मध्यम-लहान कोणालाही लावता येतं. लाल, हिरवा, निळा यात आधी कोण? काहीच सांगता येत नाही. रंग "हे वेगळं आहे" एवढंच सांगतो, "हे दुसऱ्या नंबरचं आहे" असं नाही.

एक उदाहरण करून बघू. स्लाइडवर टायटल "तिमाही विक्री", मुख्य मुद्दा "विक्री 12 टक्के घटली", खाली तीन ओळी कारणं. टायटल 32 बोल्ड, मुद्दा 28 बोल्ड लाल, कारणं 24. इथे नजर आधी लाल ओळीवर जाते, मग टायटल शोधते, कारण 32 आणि 28 मधला फरक डोळ्याला फरक वाटतच नाही, दोन्ही बोल्ड असल्यामुळे जाडीचाही उपयोग नाही, मग उरला एकटा रंग. खालून वर दीडपट करत गेलं तर कारणं 18, मुद्दा 27, टायटल 40. आता टायटलला बोल्डची गरजच नाही, साइजच पुरेशी आहे. बोल्ड मुद्द्याला द्या, कारणं साधी ठेवा. मग डोळे बारीक करून बघा, अक्षरं धूसर झाल्यावर सगळ्यात मोठा डाग टायटलचा आणि सगळ्यात गडद पट्टा मुद्द्याचा दिसला पाहिजे. मुद्दाच आधी दिसत असेल तर बोल्डचं सेमीबोल्ड करा.

लाल हवाच असेल तर गडद लाल घ्या. शुद्ध लाल `#FF0000` चा पांढऱ्यावर कॉन्ट्रास्ट साधारण 4:1 येतो, वेबच्या नियमांत बारीक अक्षरांना किमान 4.5:1 लागतो, आणि काळ्याचा असतो 21:1. म्हणजे बारीक लाल ओळ काळ्या ओळीपेक्षा फिकीच पडते, आपल्याला वाटतं उठून दिसतेय. उलट काही लोकांना लाल रंग नीट दिसत नाही, त्यांना गडद लाल जवळजवळ काळाच वाटतो, त्यांच्यासाठी रंगाची पायरी नाहीच. म्हणून स्लाइड एकदा ग्रेस्केल करून बघायची, आणि तिथे क्रम मोडला तर रंग बदलत बसण्याऐवजी आधी साइज नाहीतर जाडी दुरुस्त करायची.