किटमधल्या त्या दोन पांढऱ्या गोळ्या

टीबीच्या किटबद्दल आमच्याकडं सोलापुरात एक समज एकदम पक्का बसलाय, की ती लाल कॅप्सूल म्हणजे मेन औषध आणि बाकीच्या गोळ्या सपोर्टला, व्हिटॅमिन टाइप. समज कुठून आला तेही कळतं, लाल कॅप्सूल घेतली की दोन-तीन तासांत लघवी नारिंगी होते, घाम, डोळ्यातलं पाणीसुद्धा, म्हणजे औषध "लागतंय" असं डोळ्यांना दिसतं. पांढऱ्या गोळीचं काहीच दिसत नाही. उलट गुडघे दुखतात.

मी मेडिकल चालवतो. टीबीची औषधं शेड्यूल एच-वनमध्ये आहेत, त्यामुळं वेगळ्या रजिस्टरला पेशंटचं नाव, डॉक्टरचं नाव, किती दिलं हे सगळं लिहावं लागतं, आणि लिहिता लिहिता दोन शब्द बोलणं होतंच. असाच एक जण, अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या मागावर कामाला, वजन ४८ किलो, प्रायव्हेट डॉक्टरची चिठ्ठी. त्यानं पिशवीतून तीन आठवड्यांची किटं काढून काउंटरवर ठेवली. प्रत्येक ब्लिस्टरमधली लाल कॅप्सूल फोडलेली, आयसोनियाझिड फोडलेली, इथॅम्ब्युटॉल फोडलेली, आणि दोन मोठ्या पांढऱ्या गोळ्या फॉइलसकट जशाच्या तशा. म्हणाला, "अण्णा, ह्या परत घ्या आणि पैसे वजा करा. ह्यानं पाय लई दुखतेत, मागावर बारा तास उभं राहायचं असतंय. लाल चालू हाय की."

त्या दोन गोळ्या म्हणजे पायराझिनामाइड, ७५० मिलिग्रॅमच्या. बाकी औषधांवर लोक भरपूर लिहितात, हिच्यावर कोण लिहीत नाही, म्हणून आज हिच्यावरच लिहितो.

पण आधी चार औषधं एकदम का, हे थोडक्यात. समजा फुफ्फुसात एक पोकळी झालीय आणि तिच्यात १० कोटी जंतू आहेत, हा आकडा जास्त वाटेल पण मोठ्या पोकळीत याहून जास्तही असतात. जंतूंच्या जनुकांत आपोआप चुका होत असतात, औषध दिलं म्हणून नाही, आधीच. आयसोनियाझिडला दाद न देणारा साधारण १० लाखांत एक असतो, म्हणजे आपल्या पोकळीत असे शंभर. रिफाम्पिसिनला, म्हणजे त्या लाल कॅप्सूलला, दाद न देणारा साधारण १० कोटींत एक, म्हणजे एखादा. एकच औषध दिलं तर बाकीचे मरतात, पेशंटला बरं वाटतं, थुंकीतले जंतू कमी होतात, आणि मग हे उरलेले रिकाम्या जागेत वाढायला लागतात. ब्रिटनमधल्या नुसत्या स्ट्रेप्टोमायसिनच्या ट्रायलचे निकाल १९४८ मध्ये आले, तिच्यात नेमकं हेच झालं, सुरुवातीला पेशंट सुधारले आणि पुढं बऱ्याच जणांत औषध चालेनासं झालं. पण दोन्ही औषधांना एकाच वेळी दाद न देणारा जंतू हवा असेल तर दोन्ही शक्यतांचा गुणाकार करायचा, एकावर चौदा शून्यं इतक्या जंतूंत एक. एवढे जंतू कुणाच्याच फुफ्फुसात मावत नाहीत. हे गणित एकदा कळलं की इथॅम्ब्युटॉल का आहे तेही कळतं. आपल्या देशात २०१४ ते १६ च्या पाहणीत नव्या पेशंटपैकी साधारण ११ टक्क्यांत आयसोनियाझिड आधीच चालत नव्हतं. अशा माणसानं इथॅम्ब्युटॉल गाळलं की रिफाम्पिसिन जवळपास एकटं पडतं, आणि ते गेलं की हातातलं सगळ्यात भारी औषध गेलं.

आता कुणी म्हणेल, मग आमच्या या टॉवेलवाल्याचं काय चुकलं? तीन औषधं तर तो घेत होता ना. बरोबर, रेझिस्टन्सच्या हिशोबानं तो लगेच मोठ्या धोक्यात नव्हता. त्याचा धोका वेगळा होता, आणि तो किट बघून कळत नाही.

सगळे जंतू एकसारखं जगत नसतात. काही जोरात वाढत असतात, म्हणजे टीबीच्या मानानं जोरात, पोटातला ई-कोलाय वीस मिनिटांत दुप्पट होतो आणि टीबीच्या जंतूला जवळपास एक दिवस लागतो. आयसोनियाझिड जंतूची मेणचट भिंत बनू देत नाही, म्हणजे जो भिंत बांधतोय त्यालाच मारतं, आणि म्हणून पहिल्या दोन-चार दिवसांत सगळ्यात जास्त जंतू हेच औषध मारतं. पण काही जंतू आपल्याच पांढऱ्या पेशींच्या पोटात किंवा सुजलेल्या, सडलेल्या भागात अडकलेले असतात, तिथं आम्लता असते, खायला-प्यायला धड नसतं, ते वाढतच नाहीत, नुसते पडून असतात. भिंत बांधणंच बंद, मग भिंतीवरचं औषध काय करणार. सहा महिन्यांनी, वर्षानं टीबी परत उलटतो तो यांच्यातूनच. आणि पायराझिनामाइड नेमकं यांच्यावर चालतं.

कसं चालतं ते मला फार आवडतं. ही गोळी स्वतः औषधच नाही. ती जंतूच्या आत शिरते आणि जंतूचंच एक एन्झाइम, पायराझिनामिडेज, तिचं पायराझिनोइक अ‍ॅसिड करून टाकतं. जंतू ते बाहेर ढकलतो. बाहेर आम्लता नसेल तर विषय संपला, ते बाहेरच राहतं. पण बाहेर आम्लता असेल, पीएच साडेपाचच्या आसपास, तर त्या अ‍ॅसिडच्या रेणूला बाहेरचा एक हायड्रोजन आयन चिकटतो, त्याचा विजेचा भार जातो, आणि भार नसलेला रेणू जंतूच्या पापुद्र्यातून सहज परत आत येतो. आत आला की तो आयन सोडून देतो. जंतू परत ढकलतो, तो परत नवा आयन घेऊन येतो, दारातून हाकललेला पाहुणा बाहेर कपडे बदलून खिडकीतून आत यावा तसं. ढकलायचा पंप मुळातच कमजोर, त्यामुळं आत अ‍ॅसिड साठत जातं, आणि पडून असलेल्या जंतूकडं ते निस्तरायला ताकदच नसते. शेवटचा घाव नेमका कशावर बसतो यावर संशोधकांत अजून वाद आहेत, पण आम्लता लागते याबद्दल कुणाचं दुमत नाही. म्हणजे जिथं बाकीची औषधं ढिली पडतात तिथंच ही जोर धरते.

याच कारणानं ही गोळी हातची जायची राहिली. लॅबमध्ये नेहमीच्या, आम्लता नसलेल्या माध्यमात जंतू वाढवून त्यावर टाकली तर काहीच होत नाही, बिनकामाची दिसते. ती सापडली उंदरांमुळं. निकोटिनामाइड, म्हणजे व्हिटॅमिन बी-३ च्याच घरातला पदार्थ, उंदरांच्या टीबीवर थोडं चालतं असं १९४० च्या दशकात दिसलं, मग त्याची भावंडं करून थेट उंदरांवरच तपासली आणि त्यातून १९५२ च्या सुमाराला पायराझिनामाइड पुढं आलं. (म्हणजे "व्हिटॅमिन टाइप" म्हणणारे लोक अजाणता थोडे बरोबर आहेत!) सुरुवातीला डोस फार दिले गेले, लिव्हर खराब व्हायला लागली, औषध मागं पडलं. १९७० च्या दशकात पूर्व आफ्रिकेतल्या ट्रायल्समध्ये कमी डोसनं ते परत आलं आणि तिथून सहा महिन्यांचा कोर्स उभा राहिला. पायराझिनामाइड नसेल तर तोच कोर्स नऊ महिन्यांचा होतो. म्हणजे आमचा गडी पांढऱ्या गोळ्या सोडून सहा महिन्यांचा कोर्स करायला निघाला होता, खरं तर त्याला नऊ लागले असते आणि हे त्याला कुणीच सांगितलं नसतं, कारण सहाव्या महिन्यात थुंकी निगेटिव्ह, वजन वाढलेलं, सगळं ओके.

पाय का दुखतात? तेच पायराझिनोइक अ‍ॅसिड किडनीत युरिक अ‍ॅसिडला बाहेर पडू देत नाही, रक्तात ते वाढतं आणि सांधे धरतात. बऱ्याच जणांना साध्या पेनकिलरनं भागतं आणि गोळी बंद झाली की युरिक अ‍ॅसिड खाली येतं. "गरम पडतं" वगैरे काही नाही, ताक प्यायल्यानं ते उतरतही नाही. मी त्याला परत डॉक्टरकडं पाठवलं. त्यांनी थुंकी आणि रक्त तपासलं, दुखण्याची गोळी लिहिली आणि ते तीन आठवडे पहिल्या दोन महिन्यांच्या, चार औषधांच्या टप्प्यात धरलेच नाहीत.

लिव्हरचं मात्र सिरीयस घ्यायचं, तीन औषधं लिव्हरला त्रास देऊ शकतात, त्यात ही पण. ओळखायचं कसं, तर नारिंगी लघवी डोस घेतल्यावर येते आणि संध्याकाळपर्यंत फिकी होते, डोळे पांढरेच राहतात. डोळ्याचा पांढरा भाग पिवळा, उलट्या, जेवण नकोसं, लघवी दिवसभर गडद, हे असेल तर त्याच दिवशी डॉक्टर, गोळ्या थांबवायच्या की नाही ते तेच सांगतील. इथं लोक काय करतात, नारिंगी लघवी बघून कावीळ समजतात आणि कावीळ उतरवणाऱ्याकडं जातात. तो चुन्याच्या निवळीत हात धुवायला लावतो, पाणी पिवळं होतं, "बघा, उतरली". हाताला आधी आंब्याच्या सालीचा रस चोळलेला असतो, चुन्यात तो पिवळा होणारच, माझे हात धुतले तरी होईल. वर तो गोळ्या बंद करायला सांगतो, हे जास्त वाईट.

दोन महिने झाले की किट बदलतं आणि पांढऱ्या गोळ्या गायब होतात. तेव्हा लोक उलटे येतात, "गोळ्या कमी दिल्या, फसवलं". फसवलं नाही, तोवर सूज ओसरते, आम्लतेतले जंतू बहुतेक संपलेले असतात, आणि पायराझिनामाइड दोन महिन्यांपुढं चालू ठेवून जास्त फायदा होत नाही हे ट्रायल्समध्ये दिसलंय. पुढचे चार महिने बाकीची तीन.

सरकारी दवाखान्यात आता हा निवडानिवडीचा प्रश्नच येत नाही, कारण २०१७ पासून तिथं रोजची एफडीसी आहे, चारही औषधं एकाच गोळीत, आयसोनियाझिड ७५, रिफाम्पिसिन १५०, पायराझिनामाइड ४००, इथॅम्ब्युटॉल २७५. गाळायची म्हटली तर काय गाळणार. पण तिथं दुसरं होतं, वजनाप्रमाणं ३५ ते ४९ किलोला तीन आणि ५० ते ६४ ला चार गोळ्या असतात, आणि लोक त्या सकाळी दोन, रात्री दोन अशा वाटून घेतात, किंवा पोटाला जड म्हणून भाकरी खाऊन घेतात. रिफाम्पिसिनची रक्तातली पातळी एकदा चांगली वर जावी लागते, वाटून घेतलं किंवा भरल्या पोटी घेतलं की ती तेवढी चढत नाही. म्हणून सगळ्या एकदम, खाण्याच्या तासभर आधी किंवा दोन तासांनी. आणि औषधानं वजन वाढून ४८ चं ५४ झालं तर डॉक्टरांना सांगायचं, कारण तेव्हा तीनच्या चार होतात.