डावा मेंदू लॉजिकवाला, उजवा क्रिएटिव्ह?
"माझा उजवा मेंदू स्ट्राँग आहे म्हणून मला गणित जमत नाही, हे खरंय का?"

नाही. मेंदूच्या दोन भागांना जोडणारा कॉर्पस कॅलोसम म्हणजे जवळपास 20 कोटी तंतूंचा जाड पट्टा, त्यातून इकडची माहिती सतत तिकडे जाते. फिट्स थांबत नव्हत्या अशा काही पेशंट्सचा हा पट्टा डॉक्टरांनी कापला, आणि स्पेरी आणि गॅझानिगा या मेंदूशास्त्रज्ञांनी त्यांच्यावर प्रयोग केले.

एकाला उजवीकडे कोंबडीचा पाय दाखवला, तो गेला डाव्या मेंदूत, आणि डावीकडे बर्फ, तो गेला उजव्या मेंदूत. मग जुळणारी चित्रं निवडायला सांगितली तर उजव्या हाताने कोंबडी दाखवली, आणि उजव्या मेंदूच्या ताब्यातल्या डाव्या हाताने बर्फ उपसायचं फावडं. फावडं का, विचारलं. बोलणारा भाग डावा, त्याने बर्फ पाहिलाच नव्हता, तरी तो लगेच म्हणाला, कोंबड्यांचं खुराडं साफ करायला फावडं लागतं! म्हणजे बघा, ज्याला आपण लॉजिकवाला म्हणतो त्यानेच गोष्ट रचली, आणि तीही पूर्ण खात्रीने.

कामाची वाटणी आहेच, भाषा बहुतेकांत डावीकडे असते, पण हा पट्टा शाबूत असलेल्या माणसात गणित काय नि चित्रकला काय, दोन्ही बाजू मिळूनच करतात. 2013 मध्ये युटा विद्यापीठाने हजारावर लोकांचे स्कॅन तपासले, कोणाचाच अख्खा डावा किंवा उजवा मेंदू वरचढ दिसला नाही.