शिक्का, मोहर आणि ठराव: कंपनीच्या सहीमागचा अधिकार

लातूरच्या आडत बाजारात किंवा वाळूजच्या कारखान्यांत कंपनीशी करार करताना ‘शिक्का मारला का?’ असे हटकून विचारले जाते. विचारणाऱ्याच्या मनात मात्र बहुधा जांभळ्या शाईचा रबरी शिक्का असतो, ज्यावर कंपनीचे नाव आणि खाली ‘संचालक’ किंवा ‘अधिकृत स्वाक्षरीकर्ता’ एवढेच असते. कंपनी कायद्यात ज्या मोहरेला महत्त्व होते ती ही नव्हे. ती धातूच्या दाबयंत्राने कागदावर उठवली जाई, शाईविना, आणि बोट फिरवले की हाताला लागे. रबरी शिक्का कोपऱ्यावरच्या दुकानात तासाभरात करून मिळतो. त्यावरून सही करणाऱ्याला काय अधिकार आहे हे कळत नाही, तो स्वतःला काय म्हणवतो एवढेच कळते.

हा गोंधळ जुना आहे. निजामाच्या राजवटीत हैदराबाद संस्थानाचा स्वतःचा कंपनी कायदा होता आणि ‘मोहर’, ‘मुखत्यारनामा’ हे शब्द इथल्या कागदपत्रांत आधीपासून रुळलेले होते, त्यामुळे सरकारी मोहर, सावकाराचा शिक्का आणि कंपनीची मोहर हे सगळे बोलण्यात एकच झाले.

इंग्लंडमध्ये 1856 साली एका बँकेच्या खटल्यात ठरले की, कंपनीच्या नियमावलीनुसार एखादी गोष्ट करता येत असेल, तर त्यासाठी आत लागणारा ठराव खरोखर झाला की नाही हे बाहेरच्या माणसाने तपासत बसण्याची गरज नाही. यालाच अंतर्गत कारभाराचा नियम म्हणतात आणि तो आपल्याकडेही मानला जातो. मात्र बनावट सही किंवा बनावट मोहर असेल, ज्याला खरी परिस्थिती ठाऊक होती असा माणूस असेल, किंवा व्यवहारच संशय यावा असा असेल, तर हे संरक्षण मिळत नाही.

आपल्या 1956 च्या कायद्याने प्रत्येक कंपनीला मोहर असणे गृहीत धरले होते. 2013 चा कायदाही तसाच आला, पण 2015 च्या दुरुस्तीने ती ऐच्छिक झाली. इंग्लंडने हेच 1989 मध्ये केले होते. मोहर जाणे योग्यच होते. कपाटात गंजत पडलेल्या यंत्राने कोणाची फसवणूक थांबली नव्हती. अडचण झाली ती त्याच दुरुस्तीत आलेल्या एका वाक्याने. मोहर नसेल तर दोन संचालकांनी, किंवा कंपनी सचिव नेमलेला असल्यास एक संचालक आणि सचिव यांनी अधिकार द्यावा, असे कलम 22 म्हणते. तिथे विषय आहे तो कंपनीच्या वतीने दस्त करून देण्यासाठी मुखत्यार नेमण्याचा. बाजारात मात्र त्याचा अर्थ ‘आता प्रत्येक करारावर दोन संचालकांच्या सह्या हव्यात’ असा झाला, आणि काहींनी त्याच्या उलट ‘आता काहीच लागत नाही’ असा घेतला. दोन्ही चूक आहेत. साध्या करारासाठी कलम 21 आहे, आणि 2017 च्या दुरुस्तीनंतर त्यात संचालक मंडळाने अधिकृत केलेला कर्मचारीही सही करू शकतो. शिवाय जुन्या कंपनीने आपली नियमावली बदललेली नसेल, तर तिच्यात मोहर आणि ती उठवताना दोन संचालक आणि सचिव किंवा मंडळाने नेमलेली व्यक्ती हजर असण्याची अट तशीच राहिलेली असते. म्हणून कायद्याबरोबर नियमावलीही वाचावी लागते. ती केंद्राच्या कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या पोर्टलवर शुल्क भरून पाहता येते. संचालक मंडळाच्या सभांचे इतिवृत्त मात्र बाहेरच्यांसाठी खुले नसते, आणि म्हणूनच ठरावाची सत्यप्रत मागायची पद्धत पडली.

ती प्रत कशी वाचायची, हे उदाहरणाने पाहू. लातूरचा एक व्यापारी 150 टन सोयापेंड ₹40,000 प्रतिटन दराने, म्हणजे ₹60 लाखांना, एका खासगी कंपनीला विकतो असे समजा. करारावर खरेदी व्यवस्थापकाची सही आहे, खाली रबरी शिक्का आहे आणि सोबत ठरावाची प्रत आहे. हा व्यवस्थापक संचालकांपैकी नाही, यात आक्षेपार्ह काही नाही. पण ‘सत्यप्रत’ म्हणून खाली सही त्याचीच आहे. ज्याला अधिकार मिळाला तोच त्या अधिकाराची ग्वाही देतो आहे. ती सही एखाद्या संचालकाची किंवा कंपनी सचिवाची हवी, आणि तो संचालक आजही पदावर आहे का, हे पोर्टलवर पाहता येते, अर्थात राजीनाम्याची नोंद तिथे दिसायला थोडे दिवस जातात हे धरून.

दुसरे म्हणजे, ठरावात ‘प्रत्येक करारामागे ₹25 लाखांपर्यंत’ असे लिहिलेले आहे. इथे व्यापारी खरा अडकतो. ठराव मागितलाच नसता तर त्याला कदाचित अंतर्गत कारभाराच्या नियमाचा आधार घेता आला असता. पण मर्यादा हातात असताना ‘मला माहीत नव्हते’ म्हणता येत नाही. मंडळाने सर्व वस्तुस्थिती माहीत असताना नंतर करार मान्य केला तर तो बंधनकारक होतो, आणि ही मान्यता वागण्यातूनही दिसू शकते, पण ते सिद्ध करण्याचे ओझे व्यापाऱ्यावर येते. म्हणून मालाचा पहिला ट्रक निघण्याआधी कराराचा उल्लेख आणि ₹60 लाखांची रक्कम असलेला नवा ठराव मागवावा, आणि त्याची सत्यप्रत संचालकाच्या किंवा कंपनी सचिवाच्या सहीने घ्यावी.