बिटलॉकर रिकव्हरी की (फर्मवेअर बदलानंतरची मागणी)

बिटलॉकर ही विंडोजमधील डिस्क कूटबद्ध करण्याची व्यवस्था आहे. बायोस, म्हणजे लॅपटॉपचे मूळ फर्मवेअर, अपडेट केल्यावर लॅपटॉप कधी कधी निळ्या पडद्यावर ४८ अंकी रिकव्हरी की मागतो. अशा वेळी डिस्क सहसा शाबूत असते, अडथळा असतो तो ओळख पटण्याचा.

डिस्क उघडणारी किल्ली टीपीएम या सुरक्षा चिपच्या ताब्यात असते. लॅपटॉप चालू होताना फर्मवेअर, विंडोज सुरू करून देणारा बूट लोडर आणि फक्त अधिकृत सही असलेलेच सॉफ्टवेअर सुरू होऊ देणाऱ्या सिक्युअर बूटची स्थिती यांची मोजमापे टीपीएमच्या पीसीआर नावाच्या नोंदींमध्ये जमा होतात. पूर्वी ठरलेल्या नोंदी जुळल्या, तरच टीपीएम किल्ली सोडते. सिक्युअर बूट चालू असलेल्या यंत्रावर बिटलॉकर बहुधा ७ व ११ या नोंदी तपासते, म्हणून साधे बायोस अपडेट तिथे निमूट पार पडते. सिक्युअर बूट बंद असेल तर ०, २, ४ व ११ तपासल्या जातात. फर्मवेअरचे मोजमाप शून्य क्रमांकात असल्याने अपडेटनंतर ते बदलते आणि की मागितली जाते. आपले यंत्र कोणत्या गटातले, ते अॅडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडलेल्या कमांड प्रॉम्प्टमध्ये पुढील आज्ञेने कळते. रिकव्हरी कीसुद्धा तिथेच दिसते:

```
manage-bde -protectors -get C:
```

समजा, यंत्र दुसऱ्या गटातले आहे. अपडेटपूर्वी की कागदावर लिहून घ्यावी आणि मग संरक्षण एका रीस्टार्टपुरते स्थगित करावे:

```
manage-bde -protectors -disable C: -RebootCount 1
```

यात डिस्क उलगडली जात नाही. किल्ली तात्पुरती उघडी ठेवली जाते, त्यामुळे तेवढा वेळ लॅपटॉप परक्या हाती देऊ नये. पुढच्या वेळी विंडोज सुरू झाली की संरक्षण नव्या मोजमापांसह परत लागू होते. अपडेट एकाहून अधिक वेळा रीस्टार्ट घेणार असेल, तर आकडा तसा वाढवावा.

पडदा आलाच, तर त्यावरील की आयडीची पहिली आठ अक्षरे पाहून जुळणारी की शोधावी. घरगुती लॅपटॉपची की बहुतेकदा मायक्रोसॉफ्ट खात्यात असते आणि फोनवरून aka.ms/myrecoverykey येथे मिळते. कार्यालयीन यंत्राची की तिथल्या आयटी विभागाकडे मागावी. की सहा-सहा अंकांच्या आठ गटांची असते आणि प्रत्येक गटाला ११ ने नि:शेष भाग जातो, म्हणून चुकीचा टंकलेला गट सहसा लगेच पकडला जातो. सिक्युअर बूट बंद केल्यामुळे पडदा आला असेल, तर ते पुन्हा चालू करून पाहावे. पूर्वीची स्थिती परत येताच लॅपटॉप बहुधा कीशिवाय उघडतो.

सर्वांत घातक पाऊल म्हणजे टीपीएम पुसणे. एएमडी प्रोसेसरच्या काही यंत्रांवर अपडेटनंतर fTPM, म्हणजे प्रोसेसरमध्येच असलेली टीपीएम, रीसेट करायची का, असा प्रश्न येतो. की हाताशी नसताना तिथे कधीही Y दाबू नये, कारण चिपमधील किल्ली कायमची जाते. त्यानंतर रिकव्हरी की नसेल, तर मायक्रोसॉफ्टलाही डिस्क उघडता येत नाही.